चंद्रपूरच्या पावसाचा सामू ६.५ येतो, मग कोळशातले गंधक जाते कुठे?

रेवा_चंद्रपूर · २ ऑगस्ट, रात्री ९:१०

नमस्कार. मी चंद्रपूर शहरातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. नववीच्या वर्गात आम्लवर्षेचा धडा झाल्यावर मुलांनी शाळेच्या गच्चीवर स्टीलचे पातेले ठेवून पावसाचे पाणी गोळा केले आणि सामूपट्टी बुडवली. रंग ६.५ च्या आसपास जुळला. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशीही तोच रंग आला. शुद्ध पावसाच्या पाण्याचा सामू हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे ५.६ असतो आणि त्याखाली गेला तर आम्लवर्षा म्हणतात, एवढे मुलांना ठाऊक होते. म्हणजे आमचा पाऊस शुद्ध पावसापेक्षाही कमी आम्लधर्मी निघाला.

एका मुलीने विचारले, "बाई, गावाला लागूनच २९२० मेगावॅटचे वीज केंद्र आहे, रोज एवढा कोळसा जळतो, मग त्यातले गंधक जाते कुठे?" मी उत्तर देऊ शकले नाही. आमच्या मोजणीत चूक आहे, की आपल्याकडे आम्लवर्षा होतच नाही?

सुधाकर_नागपूर · २ ऑगस्ट, रात्री १०:०२

ताई, मोजणीत चूक नाही. आपल्या कोळशात गंधकच नसते. अमेरिकेतल्या किंवा युरोपातल्या कोळशात दोन-तीन टक्के गंधक असल्यामुळे तिकडची तळी आणि जंगले मेली. आपल्याकडे ते अर्धा टक्कासुद्धा नसते. आपल्या कोळशाचे दुखणे राख हे आहे, गंधक नव्हे. याच कारणाने केंद्र सरकारने ११ जुलै २०२५ च्या अधिसूचनेने देशातल्या बहुतेक केंद्रांना सल्फर डायऑक्साइडच्या मर्यादेतून मोकळे केले. मुलीला सांगा की गंधक जात नाही, कारण ते मुळात येतच नाही.

जुना_केमिस्ट · ३ ऑगस्ट, सकाळी ७:४५

सुधाकरराव, आपले पहिले वाक्य अर्धे बरोबर आहे. दगडी कोळशातले गंधक साधारण ०.३ ते ०.६ टक्के असते हे खरे. आसामचा कोळसा आणि राजस्थानचा लिग्नाइट यांची गोष्ट वेगळी, तिथे ते कित्येक पटींनी जास्त असते. परंतु टक्का कोळशाच्या वजनावर मोजला जातो आणि आपल्या कोळशात राख भरपूर असल्यामुळे एक युनिट विजेला तो जास्त जाळावा लागतो. मी छत्तीस वर्षे औष्णिक केंद्रांच्या प्रयोगशाळेत काढली आहेत, म्हणून हे गणित करूनच दाखवतो.

५०० मेगावॅटचा एक संच घ्या. कोळशाचे उष्मांक मूल्य ३८०० किलोकॅलरी आणि संचाला प्रति युनिट २४०० किलोकॅलरी लागतात असे धरू. म्हणजे एका युनिटला सुमारे ६३० ग्रॅम आणि पूर्ण भारावर तासाला ३१५ टन कोळसा. गंधक ०.४ टक्के धरले तर तासाला १.२६ टन. गंधकाचा अणुभार ३२ आणि सल्फर डायऑक्साइडचा रेणुभार ६४, त्यामुळे जळल्यावर वजन दुप्पट होते. याचा अर्थ, त्या एकाच चिमणीतून तासाला अडीच टन वायू बाहेर पडतो. राखेत थोडे गंधक अडकते, पण आपल्या राखेत चुन्याचा अंश कमी असल्यामुळे ते प्रमाण किरकोळ असते.

अशा संचाचा धूर तासाला साधारण वीस लाख घनमीटर धरावा. अडीच टन त्यात वाटले की घनमीटरला साडेबाराशे मिलिग्रॅम येतात. २०१५ च्या नियमात ५०० मेगावॅट आणि त्यावरच्या जुन्या संचांना २०० ची मर्यादा आहे. म्हणजे कमी गंधकाचा कोळसा असूनही धूर मर्यादेच्या सहापट. मुलीचा प्रश्न योग्य आहे, गंधक येते आणि पुष्कळ येते.

सुधाकर_नागपूर · ३ ऑगस्ट, सकाळी ११:२०

गणित मान्य. हा हिशोब मी कधी केला नव्हता. पण मग दोन उपाय हाताशी असताना धुरातले गंधक काढणाऱ्या यंत्रांवर एवढा खर्च कशाला? एक म्हणजे कोळसा धुऊन घ्यावा. दुसरा, ५०० मेगावॅटच्या संचांना २७५ मीटरच्या चिमण्या मुद्दाम बांधलेल्या आहेत. धूर इतक्या उंचावर सोडला की तो विरून जातो आणि जमिनीवर काही उतरत नाही. रेवाताईंच्या पातेल्यात आम्ल सापडले नाही याचे कारण कदाचित हेच असेल.

जुना_केमिस्ट · ३ ऑगस्ट, रात्री ८:३०

आधी धुण्याचे पाहू. कोळशातले गंधक दोन रूपांत असते. एक लोहाबरोबरचे, म्हणजे पायराइट. ते जड असते आणि धुताना खाली बसते. कोल मिलच्या खालच्या रिजेक्ट पेटीत आम्हाला सोन्यासारखे चमकणारे खडे सापडत. नवीन मुले ते खिशात घालून घरी नेत आणि आठवड्यात खिशाला पिवळट डाग पडे, कारण दमट हवेत पायराइटचे आम्ल होते. दुसरे गंधक कोळशाच्या रेणूतच गुंफलेले असते. ते कितीही धुतले तरी निघत नाही. धुण्याने राख चांगली कमी होते, गंधक थोडेसेच होते.

आता चिमणी. उंचीचे सूत्र असे:

```
H = 14 × Q^0.3
```

Q म्हणजे तासाला सुटणारा सल्फर डायऑक्साइड किलोग्रॅममध्ये आणि H म्हणजे उंची मीटरमध्ये. आपल्या संचाचे २५२० किलो घातले तर सुमारे १४७ मीटर उंची येते, तर २७५ मीटर त्याहून कितीतरी जास्त झाली. त्यामुळे केंद्राच्या पायथ्याशी वायूचे प्रमाण खरोखरच कमी राहते, हे आपले म्हणणे बरोबर आहे. पण चिमणी गंधक नाहीसे करत नाही, ते लांब पाठवते. उघड्या हवेत सल्फर डायऑक्साइडचे सल्फेट व्हायला वेळ लागतो, कोरड्या दिवशी उन्हात तासाला एखादा टक्काच बदलतो. ढगाच्या थेंबात शिरला तर हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे तेच काम झपाट्याने होते. म्हणून दोन-एक दिवसांच्या प्रवासात ते गंधक शेकडो किलोमीटर दूर जाऊन सल्फेटच्या अतिसूक्ष्म कणांच्या रूपात उतरते. हवेत अमोनिया असतोच, त्याच्याशी मिळून अमोनियम सल्फेट बनते आणि हिवाळ्यात क्षितिजावर दिसणाऱ्या पांढुरक्या धुरकटपणाचा तो एक मोठा घटक असतो. चंद्रपूरच्या गंधकाचा शोध चंद्रपूरच्या गच्चीवर घेणे म्हणजे पोस्टात टाकलेले पत्र त्याच पेटीत शोधण्यासारखे आहे.

राहिला रेवाताईंचा ६.५. त्याची दोन कारणे दिसतात. पहिले, पातेले पावसाआधीपासून उघडे होते का? असेल तर त्यात धूळ पडली. आपल्याकडची माती, सिमेंट, रस्त्याची धूळ यांत कॅल्शियम कार्बोनेट असते आणि ते आम्लाला जागीच मारते. स्वीडन-नॉर्वेत तळ्याखाली ग्रॅनाइट होता, आम्ल मारायला काही नव्हते, म्हणून तिकडे मासे मेले. आपल्या हवेतच चुना तरंगतो. आम्ल तयार झाले नाही असे नव्हे, ते झाले आणि चुन्याने खाल्ले. सल्फेट मात्र पाण्यात तसेच राहते. दुसरे कारण सामूपट्टीचे. पावसाच्या पाण्यात क्षार इतके कमी असतात की पट्टीवरच्या रंगद्रव्याचाच त्यावर परिणाम होतो. अशा पाण्यात पट्टीने ६.५ दाखवले तरी त्यावर विसंबू नये.

तेव्हा सामूने "गंधक आहे का" हे कळत नाही. त्यासाठी सल्फेटच मोजावे लागेल.

घोलवडकर · ४ ऑगस्ट, सकाळी ६:५०

आपली चर्चा वाचून लिहितो आहे. आमची डहाणू तालुक्यात चिकूची बाग आहे. यंदा बागेच्या पूर्वेकडच्या दोन रांगांत पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग फिका पडला आणि नंतर वाळला. बाकी बाग ठीक आहे. मला वाटते ही आम्लवर्षा आहे. डहाणूच्या वीज केंद्राला तर २००७ पासून गंधक काढण्याचे यंत्र बसवलेले आहे, त्यासाठी आमच्या भागातल्या लोकांनी किती वर्षे पाठपुरावा केला ते मी लहानपणापासून पाहिले आहे. तरीही पाने जळत असतील तर ते यंत्र काय कामाचे? पूर्वेला शेतापासून चार-पाचशे मीटरवर एका लहान कारखान्याचा बॉयलर आहे, पण तो कोळसा जाळत नाही, तेलावर चालतो, म्हणून त्याचा प्रश्न येत नाही.

बॉयलर_परवाना · ४ ऑगस्ट, दुपारी १:१५

घोलवडकर, तेलावर चालतो म्हणून प्रश्न येत नाही, हा समज काढून टाका. मी पंचवीस वर्षे बॉयलर चालवतो. तेल कोणते ते आधी पाहावे लागते. मोटारीच्या डिझेलमध्ये २०२० पासून गंधक दहा लाखांत फक्त १० भाग असते. पण बॉयलरमध्ये जळते ते बहुधा फर्नेस ऑइल. रिफायनरीत चांगले ते सगळे काढून घेतल्यावर उरलेला तो गाळ असतो आणि त्यात साडेतीन टक्क्यांपर्यंत गंधक असू शकते. आपल्या कोळशाच्या आठ-नऊपट. जहाजांच्या इंधनालाही पूर्वी हीच साडेतीन टक्क्यांची मुभा होती, १ जानेवारी २०२० पासून ती अर्ध्या टक्क्यावर आणली.

तासाला दहा टन वाफेच्या बॉयलरला साधारण ७०० किलो तेल लागते. साडेतीन टक्के गंधक धरले तर तासाला ४९ किलो सल्फर डायऑक्साइड. वर काकांनी दिलेल्या सूत्रात तो आकडा घातला की चिमणी ४५ मीटर निघते. तुमच्या कारखान्याची चिमणी किती आहे ते नुसत्या नजरेनेही कळेल, तीन मजली इमारत साधारण दहा मीटर असते. चिमणी ठेंगणी असेल आणि वारा शेताकडे असेल तर वायू विरायच्या आधीच पानावर येतो. तेव्हा ती आम्लवर्षा नसते, पानाच्या रंध्रांतून थेट आत गेलेला वायू असतो. दोनच रांगा आणि त्याही त्याच बाजूच्या, हे त्याच्याशी जुळते.

मात्र मी पाने पाहिलेली नाहीत. शिरांमधला भाग फिका पडणे हे लोहाच्या कमतरतेनेही होते, तेव्हा कृषी विज्ञान केंद्रात पाने दाखवा. आणि बॉयलर कोणत्या वेळी पेटतो, वारा कुठून असतो, हे महिनाभर वहीत लिहून ठेवा. तोंडी तक्रारीला कोणी विचारत नाही, वहीला विचारतात.

जुना_केमिस्ट · ४ ऑगस्ट, सायंकाळी ६:४०

बॉयलरवाल्यांनी नेमके सांगितले. फक्त एक जोडतो. डहाणूचे यंत्र समुद्राच्या पाण्यावर चालते. समुद्राच्या पाण्यात बायकार्बोनेट असते, ते वायूला धरते आणि पुढे हवा फुंकली की त्याचे सल्फेट होते. समुद्रात सल्फेट मुळातच लिटरला पावणेतीन ग्रॅमच्या आसपास असल्यामुळे त्यात पडलेली भर नगण्य असते, मात्र पाणी परत सोडण्यापूर्वी त्याचा सामू वर आणावा लागतो. चुनखडी नको, तिच्यापासून होणारे जिप्सम नको. ही सोय किनाऱ्यावरच शक्य आहे, विदर्भात चुनखडीला पर्याय नाही.

रात्रपाळी · ५ ऑगस्ट, पहाटे ४:१०

काका, आपण चुनखडीचे नाव काढलेच आहे तर माझी अडचण मांडतो. मी एका केंद्रात (नाव लिहीत नाही) एफजीडीच्या, म्हणजे धुरातले गंधक काढणाऱ्या यंत्राच्या शिफ्टमध्ये आहे. चार दिवस झाले, चुनखडीच्या पाण्याने धूर धुणाऱ्या अ‍ॅब्सॉर्बरमधल्या स्लरीचा सामू ५.६ वरून घसरत ४.६ वर आला आहे. नियमाप्रमाणे चुनखडीची स्लरी वाढवत गेलो. काहीच फरक नाही. बाहेर जाणाऱ्या धुरात सल्फर डायऑक्साइड १८० वरून ४०० च्या पुढे गेला. आता चुनखडीचे पंप पूर्ण उघडे आहेत. वरिष्ठ म्हणतात चुनखडी खराब आली. तपासणीत ती ९१ टक्के शुद्ध निघाली.

जुना_केमिस्ट · ५ ऑगस्ट, सकाळी ८:००

चुनखडी वाढवणे आधी थांबवा. नंतर बेल्ट फिल्टरवरच्या जिप्समचा नमुना घेऊन त्यात शिल्लक कार्बोनेट किती आहे ते काढा. सामू खाली असण्याची तीन कारणे असतात आणि तिघांची ओळख त्या नमुन्यातच असते.

कार्बोनेटही कमी आणि सामूही कमी, तर खरोखर चुनखडी कमी पडते आहे. कोळसा बदलला का किंवा स्लरीची नळी तुंबली का, ते पाहा. नमुन्यात सल्फाइट सापडले तर ऑक्सिडेशनची हवा पुरत नाही. ब्लोअर किंवा खालच्या हवेच्या नळ्या पाहा. अशा वेळी जिप्समचे स्फटिक बारीक, चपटे राहतात आणि फिल्टरवर चिखलासारखा लगदा येतो. पण कार्बोनेट तीन-चार टक्क्यांच्या वर आहे आणि तरीही सामू खाली आहे, तर चुनखडी टाकीत पडून आहे, फक्त विरघळत नाही. तिच्या कणांवर ॲल्युमिनियम फ्लोराइडचा पातळ थर बसला आहे. आम्ही त्याला "चुनखडी आंधळी झाली" म्हणत असू.

फ्लोराइड कोळशातून धुरात येते, ॲल्युमिनियम राखेतून. दोन्ही एकत्र यायला राख अ‍ॅब्सॉर्बरपर्यंत पोहोचावी लागते. म्हणून माझा प्रश्न एवढाच आहे: धुरातली राख विजेने पकडणाऱ्या ईएसपीची किती फील्ड, म्हणजे कप्पे, बंद आहेत?

यात आपल्या कोळशाचा एक पेच आहे. गंधक कमी म्हणजे धुरात सल्फर ट्रायऑक्साइड कमी, आणि तोच वायू राखेच्या कणांवर बसून त्यांना वीजवाहक करतो. तो नसल्यामुळे आपली राख ईएसपीत नीट धरली जात नाही, म्हणूनच आपल्याकडे ईएसपी मोठे बांधावे लागतात. एक-दोन फील्ड गेली तरी राख पुढे निसटते आणि शिक्षा अ‍ॅब्सॉर्बरला होते.

सुधाकर_नागपूर · ५ ऑगस्ट, सकाळी १०:३५

हे वाचून माझे मत उलट पक्के झाले. एवढे नाजूक यंत्र प्रत्येक केंद्राला लावायचे, त्यासाठी डोंगर फोडून चुनखडी आणायची, चुनखडीतून पुन्हा कार्बन डायऑक्साइड सुटायचा, वीज खर्च व्हायची, पाणी लागायचे. हवा स्वच्छ करण्यासाठी हवा घाण करणे झाले हे. सरकारने सूट दिली ती याच हिशोबाने.

जुना_केमिस्ट · ५ ऑगस्ट, दुपारी २:२०

हिशोब करूया, कारण आपल्या चार मुद्द्यांपैकी एक वजनदार आहे. त्याच ५०० मेगावॅटच्या संचात ९० टक्के वायू पकडायचा तर तासाला चार टनांच्या आसपास चुनखडी लागते, म्हणजे दिवसाला शंभर टन. कोळसा त्याच दिवशी साडेसात हजार टन येतो. चुनखडीतून तासाला दीड-पावणेदोन टन कार्बन डायऑक्साइड सुटतो, कोळशातून साडेचारशे टनांच्या वर. यंत्राला सहा-सात मेगावॅट वीज लागते, तीही धरली तरी वाढ दीड-दोन टक्क्यांची. बदल्यात सव्वादोन टन सल्फर डायऑक्साइड दर तासाला थांबतो आणि सहा टन जिप्सम मिळते. तेव्हा "हवा घाण करणे" हा मुद्दा टिकत नाही.

पाण्याचा मुद्दा मात्र खरा आहे. १३०-१४० अंशांचा धूर अ‍ॅब्सॉर्बरमध्ये पन्नास-पंचावन्न अंशांवर येतो आणि तो फरक पाण्याच्या वाफेने भरून निघतो. तासाला शंभर टनांच्या घरात पाणी वाफ होऊन जाते. ज्या केंद्राला उन्हाळ्यात इरई धरणाच्या पातळीकडे डोळे लावून बसावे लागते, तिथे हे क्षुल्लक नाही. धुराची उष्णता आधी काढून घेणारे यंत्र बसवले तर पाणी वाचते, पण त्यालाच गंज लवकर लागतो, कारण तिथेच गंधकाम्लाचा दव बसतो. आणि एवढा थंड, ओला धूर जुन्या चिमणीच्या विटांना सोसत नाही, आतून आम्लरोधक अस्तर द्यावे लागते किंवा शेजारी दुसरी चिमणी उभी करावी लागते. खर्चाचा मोठा भाग तिथे जातो. नव्या चिमणीतून दाट पांढरा धूर दिसतो म्हणून लोक घाबरतात, ती बहुतांशी वाफ असते.

एसेनकर · ५ ऑगस्ट, रात्री ११:५०

मी जर्मनीत रूर खोऱ्यात राहतो, म्हणून इथली गोष्ट सांगतो. जंगले सुकू लागल्यावर १९८३ मध्ये इथे मोठ्या भट्ट्यांसाठी नियम आला. मोठ्या केंद्रांना घनमीटरला ४०० मिलिग्रॅमची मर्यादा आणि जुन्या केंद्रांना १९८८ पर्यंतची मुदत. पाच वर्षांत जवळजवळ सगळीकडे यंत्रे बसली. इथल्या घरांच्या जिप्समच्या भिंतींत केंद्रांतले जिप्सम इतके वापरले गेले की आता कोळसा बंद होऊ लागल्यावर जिप्सम आणायचे कुठून, याची काळजी लागली आहे. सुधाकरजी, इथल्या दगडी कोळशात गंधक एक टक्क्याच्या आसपास होते. म्हणजे तुमच्या-आमच्यातला फरक तुम्ही समजता तेवढा मोठा नाही.

सुधाकर_नागपूर · ६ ऑगस्ट, सकाळी ९:१५

जर्मनीत चुनखडी आणि पाणी दोन्ही जवळ असेल, पैसाही होता. माझे म्हणणे बदललेले नाही, थोडे नेमके करतो. दाट वस्तीजवळच्या केंद्रांना यंत्र हवेच, आणि अधिसूचनेतही दहा लाखांवर वस्तीच्या शहरांपासून दहा किलोमीटरच्या आतल्या 'अ' वर्गाला २०२७ अखेरची मुदत आहेच. पण जंगलात एकट्या उभ्या असलेल्या केंद्राला त्याच पैशात चांगली ईएसपी दिली तर राख तरी थांबेल. राख आजच्या आज लोकांच्या घरात पडते आहे.

जुना_केमिस्ट · ६ ऑगस्ट, सकाळी ११:००

ईएसपी आधी नीट करावी, यावर माझी सही घ्या. रात्रपाळीचे उदाहरण वर आहेच. परंतु 'अ', 'ब', 'क' हे वर्ग केंद्रापासूनच्या अंतरावर आखले आहेत आणि सल्फेट अंतर पाळत नाही. ५० किलोमीटरवरच्या, सूट मिळालेल्या 'क' वर्गातल्या केंद्राचा वायू शहरात पोहोचेपर्यंतच कण होतो. चंद्रपूर अतिप्रदूषित क्षेत्रांत मोडते, म्हणून ते 'ब' वर्गात येते आणि त्या वर्गात प्रत्येक केंद्राचा निर्णय स्वतंत्रपणे व्हायचा आहे. मोजताना जमिनीवरचा सल्फर डायऑक्साइड पाहिला तर तो मर्यादेत दिसेल, हे मी आजच सांगतो. सल्फेट पाहिले तर चित्र वेगळे दिसेल. आपल्या दोघांचे इथे जमत नाही, हरकत नाही.

रात्रपाळी · ७ ऑगस्ट, पहाटे ५:३०

काका, कार्बोनेट ६.८ टक्के निघाले. ईएसपीच्या एका पासमधली दोन फील्ड नऊ दिवसांपासून बंद होती, आम्हाला कळवलेच नव्हते. चुनखडी निम्म्यावर आणली, संचाचा भार कमी करून घेतला, थोडा कॉस्टिक सोडा दिला आणि टाकीतले पाणी बाहेर काढून ताजे भरतो आहोत. सामू आज पहाटे ५.० आहे. फील्ड दुरुस्तीला संच बंद ठेवायला मिळेल का, ते अजून ठरलेले नाही.

जुना_केमिस्ट · ७ ऑगस्ट, सकाळी ७:२०

५.० म्हणजे डोळे उघडत आहेत. फील्ड सुरू होईपर्यंत पाणी काढणे थांबवू नका, नाहीतर आठवड्यात पुन्हा तिथेच याल. मिस्ट एलिमिनेटर धुण्याचे पाणीही तपासा, या गडबडीत तिकडे जिप्समची खपली धरते आणि दाबाचा फरक वाढू लागतो.

रेवाताई, आपल्या मुलांसाठी एक प्रयोग सुचवतो. पाऊस सुरू झाल्यावरच धुतलेले प्लास्टिकचे भांडे उघडा. पहिल्या अर्ध्या तासाचे पाणी एका बाटलीत, दोन तासांनंतरचे दुसऱ्या बाटलीत. सामू मीटरने घ्या आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबा, अशा पाण्यात पाच-पाच मिनिटे लागतात. वाहकताही मोजा. मग प्रत्येकी एक लिटर पाणी आटवून ५० मिलिलिटरवर आणा, हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाका आणि बेरियम क्लोराइड घाला. पांढरी गढूळता आली की ते सल्फेट. बेरियम क्लोराइड विषारी आहे, ते आपणच हाताळा, मुलांच्या हाती देऊ नका.

घोलवडकर · ८ ऑगस्ट, सायंकाळी ७:०५

कृषी विज्ञान केंद्रात पाने दिली आहेत, अहवाल यायचा आहे. वही सुरू केली. चिमणी शेजारच्या दुमजली गोदामाच्या दीडपट उंच दिसते, एवढेच आज सांगू शकतो.

रेवा_चंद्रपूर · १२ ऑगस्ट, रात्री ८:५०

काल दुपारी चांगला पाऊस झाला आणि दोन्ही बाटल्या भरल्या. पहिल्या बाटलीचा सामू मीटरवर ६.६ आला आणि वाहकता ७४ मायक्रोसीमेन्स. दोन तासांनंतरच्या बाटलीचा सामू ५.३ आणि वाहकता १३. मुलांना वाटले होते की आम्लधर्मी बाटलीत सल्फेट जास्त निघेल. झाले उलटे. आटवलेल्या पहिल्या बाटलीत गढूळता इतकी आली की परीक्षानळीमागे धरलेल्या कागदावरची अक्षरे वाचता येईनात. दुसऱ्या बाटलीत जेमतेम दुधाळ छटा होती.

ज्या मुलीने प्रश्न विचारला होता तिने फळ्यावर दोन्ही आकडे लिहून खाली लिहिले, "गंधक पहिल्या बाटलीत आहे, पण चुन्याबरोबर." आता तिचा पुढचा प्रश्न असा आहे की त्या सल्फेटपैकी किती आमच्या केंद्राचे आणि किती दुसरीकडून वाहून आलेले. याचे उत्तर बाटलीतून मिळते का?

जुना_केमिस्ट · १२ ऑगस्ट, रात्री ९:४०

तिचे वाक्य बरोबर आहे. पुढच्या प्रश्नाचे उत्तर एका बाटलीतून मिळत नाही. पावसाळाभर दर पावसाची बाटली ठेवा आणि प्रत्येकीवर तारीख, वेळ आणि पाऊस येण्यापूर्वी वारा कोणत्या दिशेचा होता ते लिहा. केंद्राकडून वारा असलेले दिवस आणि नसलेले दिवस वेगळे करता आले तर काहीतरी सांगता येईल. पहिल्या बाटलीतले थोडे पाणी न आटवता जपून ठेवा, कॅल्शियम मोजून घेऊ.